उत्तर काढू नका, निघेल का ते सांगा

शिकवणीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर एक प्रश्न लिहिला. सुलभाताईंनी बँकेत ४०,००० रुपये पाच वर्षांच्या मुदतीने ठेवले. दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळवलं जातं आणि व्याजाचा दर मुदतभर तोच राहतो. मुदत संपल्यावर त्यांच्या हाती किती रक्कम येईल? त्याखाली दोन विधानं लिहिली. विधान १: व्याजाचा दर दसादशे ७.२५ आहे. विधान २: पहिल्या तीन महिन्यांचं व्याज ७२५ रुपये झालं.

मागच्या बाकावरचा एक मुलगा लगेच मान खाली घालून कामाला लागला. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा, आकडेमोडीत वर्गात सगळ्यांच्या पुढे. पाच वर्षांच्या वीस तिमाह्या, दर तिमाहीला १.८१२५ टक्के, म्हणजे १.०१८१२५ ही संख्या वीस वेळा गुणायची. चार मिनिटांनी मी जवळ जाऊन पाहिलं तेव्हा वहीचं पान भरलं होतं आणि स्वारी आठव्या तिमाहीत पोहोचली होती. शेजारची मुलगी तोवर पुढचे तीन प्रश्न सोडवून बसली होती. या प्रश्नापुढे तिने एवढंच लिहिलं होतं: दोन्हींपैकी कुठलंही एक विधान पुरेसं.

"पण सर, तिने रक्कम काढलीच नाही!" मुलगा म्हणाला.

रक्कम कोणी विचारलीच नव्हती. दर कळला की रक्कम ठरते, हे पहिल्या विधानाबाबत उघड आहे. दुसऱ्या विधानात दर दिलेला नाही, पण ४०,००० रुपयांवर तीन महिन्यांत ७२५ रुपये व्याज मिळालं म्हटल्यावर दर आपोआप ठरतो, आणि तो मुदतभर बदलणार नाही हे प्रश्नातच सांगितलं आहे. म्हणजे दोन्ही विधानं स्वतंत्रपणे पुरेशी आहेत. ती रक्कम नेमकी किती, हे मला आजही माहीत नाही आणि कधी काढून पाहण्याची गरजही पडली नाही.

स्पर्धा परीक्षांच्या जगात या प्रकाराला सगळे 'डेटा सफिशियन्सी' म्हणतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतला दुसरा पेपर, ज्याला मुलं सी-सॅट म्हणतात, २०११ साली सुरू झाला, आणि त्याच्या अभ्यासक्रमात हा प्रकार नाव घेऊन दिलेला आहे, तोही दहावीच्या पातळीचा म्हणून. बँकांच्या परीक्षांत तो असतो. व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी परदेशी जाणारे जी जीमॅट परीक्षा देतात, तिची तर तो वर्षानुवर्षांची ओळख आहे. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेतही तो १९५९ ते १९७४ या काळात होता. मग तिथे त्याची जागा दोन राशींची तुलना करायला सांगणाऱ्या, झटपट सुटणाऱ्या प्रश्नांनी घेतली. जीमॅटने मात्र तो सोडला नाही. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये त्या परीक्षेचं रूप बदललं तेव्हा हे प्रश्न गणिताच्या विभागातून उचलून 'डेटा इनसाइट्स' या नव्या विभागात नेले गेले. गंमत अशी की गणिताच्या विभागात कॅल्क्युलेटर नाही आणि या विभागात पडद्यावर कॅल्क्युलेटर दिलेला आहे. तो तिथल्या तक्त्यांच्या आणि आलेखांच्या प्रश्नांसाठी. डेटा सफिशियन्सीच्या प्रश्नात तुमचा हात त्या कॅल्क्युलेटरकडे जायला लागला, तर बहुधा वाट चुकलेली असते.

वाट चुकते ती शाळेमुळे, असं माझं मत आहे. पहिलीपासून दहावीपर्यंत आपण जी उदाहरणं सोडवतो त्यांत एक न बोललेला करार असतो. उदाहरणाला उत्तर असणारच, ते एकच असणार, ते काढायला लागेल तेवढीच माहिती दिलेली असणार आणि दिलेला प्रत्येक आकडा कुठे ना कुठे वापरायचा असणार. आपल्याला फक्त बेरीज की गुणाकार एवढंच ओळखायचं असतं. हा करार मनात किती खोल रुजतो, याचा एक प्रसिद्ध दाखला फ्रान्समधला आहे. १९७९-८०च्या सुमारास ग्रेनोबलच्या गणितशिक्षण संशोधन संस्थेतल्या मंडळींनी प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना एक प्रश्न दिला: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दिलं. छत्तीस वर्षं हे कप्तानाला शोभण्यासारखंही वय आहे! या प्रश्नाचं बीज आणखी जुनं, कादंबरीकार फ्लोबेरने १८४१ साली बहिणीला लिहिलेल्या एका पत्रातलं.

त्या मुलांना हसण्यात अर्थ नाही. मागच्या बाकावरचा माझा विद्यार्थीही तेच करत होता. आकडे दिसले की कामाला लागायचं. डेटा सफिशियन्सीचा प्रश्न तो करारच मोडतो. इथे उत्तर असेलही, नसेलही, दोन असतील, नाहीतर हजार असतील. माहिती कमी असेल किंवा जास्तीची असेल. आणि विचारलेलं असतं ते एवढंच: या माहितीवरून एकच एक उत्तर ठरतं का?

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. वर एक प्रश्न, खाली दोन विधानं आणि पाच पर्याय. एकटं पहिलं पुरेसं. एकटं दुसरं पुरेसं. एकेकटं कुठलंच नाही पण दोन्ही मिळून पुरेशी. दोन्हींपैकी कुठलंही एक पुरेसं. दोन्ही मिळूनही अपुरी. जीमॅटमध्ये पर्यायांचा हा क्रम कधीही बदलत नाही, म्हणून तिथली मुलं तो पाठच करून जातात. आपल्याकडच्या परीक्षांत मात्र क्रम पेपरागणिक वेगळा असू शकतो, कधी पर्याय चारच असतात, आणि क्रम पाठ केलेला मुलगा बरोबर विचार करून चुकीचा गोल काळा करतो. पर्याय आधी वाचा, हे सांगायला साधं वाटतं. पण सी-सॅटमध्ये एका चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात.

रीतही फार मोठी नाही. आधी वरचा प्रश्न वाचायचा आणि विधानांकडे न पाहता स्वतःला विचारायचं, हे सांगायला मला काय कळलं पाहिजे? मग पहिलं विधान एकट्याने तपासायचं. ते पुरेसं निघालं तर पाचातले तीन पर्याय तिथेच गळतात; उरतात 'एकटं पहिलं' आणि 'कुठलंही एक'. अपुरं निघालं तर हे दोन गळतात आणि बाकीचे तीन उरतात. मग दुसरं विधान, पहिलं पूर्ण विसरून. हे विसरणं सगळ्यात अवघड. पहिल्या विधानात एखादी किंमत कळलेली असते, ती मनात चिकटून बसते आणि दुसरं वाचताना नकळत वापरली जाते. मी मुलांना पहिल्या विधानावर बोट ठेवून ते झाकायला सांगतो. बालिश वाटतं, पण फार चुका वाचतात. आणि दोन्ही एकत्र घ्यायची वेळ आलीच, तर ती दोन्ही एकेकटी अपुरी ठरल्यानंतरच.

आता खरा पेच. पुरेसं आहे किंवा नाही हे ओळखायचं कसं?

इथे दोन बाजूंचे नियम सारखे नाहीत. माहिती अपुरी आहे हे दाखवायला दोनच उदाहरणं लागतात, अशी की दोघांनाही विधान लागू आहे पण प्रश्नाचं उत्तर मात्र वेगवेगळं येतं. दोन साक्षीदारांनी परस्परविरोधी जबानी दिली की खटला संपला. माहिती पुरेशी आहे हे दाखवायला मात्र कितीही उदाहरणं घेतली तरी भागत नाही, तिथे कारण द्यावं लागतं. समजा, प्रश्न आहे: क्षचा वर्ग क्षपेक्षा मोठा आहे का? विधान सांगतं, क्ष शून्यापेक्षा मोठी संख्या आहे. मुलं २ घेऊन पाहतात, ४ येतात, मोठा. ५ घेतात, २५, मोठा. १० घेतात, शंभर. तीन उदाहरणं जुळली, पुरेसं! पण अर्धा घ्या. अर्ध्याचा वर्ग पाव, लहान झाला. साक्षीदार फुटला. पूर्ण संख्या असं कुठेच म्हटलेलं नव्हतं, ते आपण मनाने घातलं. म्हणून उदाहरणं घ्यायची तर एकाच गल्लीतली घेऊ नयेत. अपूर्णांक, शून्य, एक आणि ऋण संख्या यांच्याकडेही विचारणा करून यावी.

या प्रकारातला सगळ्यात सुंदर सापळा मला वाटतो तो हॉटेलच्या बिलाचा. तो जरा सावकाश पाहू.

काही मित्र मिसळ खायला गेले. मिसळीची प्लेट ७० रुपये, चहा १५ रुपये. याखेरीज त्यांनी काही घेतलं नाही. त्यांनी मिसळीच्या किती प्लेट घेतल्या? विधान १: एकूण बिल २६० रुपये झालं. विधान २: चहाची संख्या मिसळीच्या प्लेटच्या चौपट होती.

वर्गात हा प्रश्न दिला की बहुतेक हात एकाच उत्तराला वर येतात: दोन्ही मिळून पुरेशी. कारण विचारलं की ठरलेलं वाक्य येतं, "दोन अज्ञातं आहेत सर, म्हणून दोन समीकरणं लागतील." आठवीपासून घोटलेला नियम. प्लेटची संख्या एक अज्ञात, चहाची दुसरं. पहिलं विधान एक समीकरण देतं, दुसरं आणखी एक. दोन्ही सोडवली की दोन प्लेट आणि आठ चहा, आणि बिलही २६० जुळतं. सगळं चोख. फक्त उत्तर चूक आहे.

दुसरं विधान झाका आणि फक्त बिल पाहा. २६० रुपयांत जास्तीत जास्त तीन प्लेट बसतात. तीन घेतल्या तर ५० रुपये उरतात, आणि त्यांत १५ रुपयांचे चहा पुरे बसत नाहीत. एक प्लेट घेतली तर १९० उरतात, तेही १५च्या पाढ्यात नाहीत. एकही नाही घेतली तर २६०, तेही नाहीत. दोन घेतल्या तर १२० उरतात आणि आठ चहा नेमके बसतात. म्हणजे बिल २६० असेल तर प्लेट दोनच, दुसरी शक्यताच नाही. एकटं पहिलं विधान पुरेसं आहे. दुसरं एकटं अर्थातच अपुरं, कारण एक प्लेट आणि चार चहा, तीन प्लेट आणि बारा चहा, काहीही चालेल.

असं का झालं? कारण कोणी पाऊण प्लेट मिसळ आणि सव्वातीन चहा मागवत नाही. प्लेट आणि चहा पूर्ण संख्येतच येतात, ही गोष्ट विधानात कुठेही लिहिलेली नाही, पण ती माहिती आहे आणि ती एका समीकरणाइतकं काम करून जाते. नियम सांगणारा मुलगा ही माहिती पाहतच नाही, कारण ती आकड्यांत दिसत नाही.

पण यावरून 'वस्तू मोजायच्या असतील तर एक समीकरण पुरे' असा नवा नियम घोटू नये. बिल २६०ऐवजी ३२५ करून पाहा. एक प्लेट घेतली तर २५५ उरतात, म्हणजे सतरा चहा. चार प्लेट घेतल्या तर ४५ उरतात, म्हणजे तीन चहा. दोन्ही जमतात. आता मित्र चारजण असून मिसळ खाणारे होते, की एकाने मिसळ खाल्ली आणि बाकीच्यांनी चहावर चहा ढोसला, हे बिलावरून कळणार नाही. भाव तेच, हॉटेल तेच, फक्त बेरीज बदलली आणि विधान अपुरं झालं.

प्रत्येक वेळी सगळ्या शक्यता तपासायच्या नसतील तर एक सोपी नजर आहे. तीन प्लेटचे २१० रुपये होतात आणि चौदा चहाचेही २१०च. तेव्हा बिल न बदलता काही अदलाबदल करायची असेल, तर तीन प्लेट देऊन चौदा चहा घ्यायचे, किंवा उलट. याहून लहान अदलाबदल शक्य नाही, कारण एक किंवा दोन प्लेट कमी केल्या तर सुटलेले ७० किंवा १४० रुपये १५च्या पाढ्यात बसत नाहीत. आता दोन प्लेट आणि आठ चहा हे टेबल पाहा. द्यायला तीन प्लेट नाहीत आणि चौदा चहाही नाहीत. अदलाबदलीला जागाच नाही, म्हणून उत्तर एकच. चार प्लेट आणि तीन चहा या टेबलावर मात्र तीन प्लेट आहेत. त्या दिल्या, चौदा चहा आले, आणि दुसरं उत्तर तयार. बिल जसं मोठं होत जाईल तशी अदलाबदलीला जागा वाढते, आणि एका मर्यादेनंतर एकटं बिल कधीच पुरेसं पडत नाही.

पूर्ण संख्यांतच उत्तर हवं असलेल्या अशा समीकरणांचा अभ्यास आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटाने इ.स. ४९९मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांची रीत आहे आणि पुढे तिला कुट्टक हे नाव मिळालं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त कुट्टकाचा वेगळा भागच आहे. मिसळीचं बिल हे त्याच घराण्यातलं अगदी धाकटं पोर.

आणि हेच समीकरण हॉटेलातून उचलून किराणा दुकानात नेलं तर? एका वस्तूचा भाव किलोला ७० रुपये, दुसरीचा १५, दोन्ही सुट्या, वजनावर, एकूण २६० रुपये. पहिली वस्तू किती किलो घेतली? आता पाव किलो चालतं, सव्वा किलो चालतं, दीडशे ग्रॅमही चालतं. अगणित उत्तरं. समीकरणाचा एक आकडाही बदलला नाही, तरी 'पुरेसं' होतं ते 'अपुरं' झालं. प्रश्नात प्लेट आहे की किलो, माणसं आहेत की लिटर, हे शब्द म्हणूनच आकड्यांइतके वाचायचे असतात.

दोन समीकरणांचा नियम उलट बाजूनेही फसवतो. एका पेनाची किंमत किती? विधान १: दोन पेनं आणि तीन वह्या यांचे १४० रुपये होतात. विधान २: चार पेनं आणि सहा वह्या यांचे २८० रुपये होतात. दोन अज्ञातं, दोन समीकरणं, म्हणून दोन्ही मिळून पुरेशी? दुकानदाराने तीच पावती दुप्पट करून दिली आहे. दुसऱ्या विधानात नवं काहीच नाही. पेन १० आणि वही ४० असेल, किंवा पेन २५ आणि वही ३०, दोन्ही विधानं दोन्हींना लागू पडतात. उत्तर: दोन्ही मिळूनही अपुरी. आणि प्रश्न थोडा बदलून 'आठ पेनं आणि बारा वह्यांचे किती?' असा विचारला असता, तर पेनाची किंमत कधीच न कळताही कुठलंही एक विधान पुरेसं ठरलं असतं. विधानं तीच, विचारलेलं वेगळं. म्हणून मी मघाशी म्हटलं, विधानांकडे वळण्याआधी काय कळलं पाहिजे ते ठरवा. प्रत्येक अज्ञात सुटं करायची सवय इथे वेळही खाते आणि चुकीचं उत्तरही देते.

उरली 'हो की नाही' प्रश्नांची भानगड. तिथे मुलं एका शब्दावर अडखळतात. प्रश्न: न ही पूर्ण संख्या सम आहे का? विधान: नचा वर्ग विषम आहे. सम संख्येचा वर्ग समच असतो, तेव्हा न सम नाही, हे पक्कं. मग विधान पुरेसं की अपुरं? दर वर्षी कोणीतरी 'अपुरं' म्हणतं, कारण उत्तर 'नाही' आलं. मनातल्या मनात 'उत्तर नाही' आणि 'पुरेसं नाही' यांची गाठ बसते. ठाम 'नाही' हे ठाम 'हो'इतकंच चांगलं उत्तर आहे. अपुरं तेव्हाच, जेव्हा कधी हो आणि कधी नाही. यासाठी मी मुलांना विधानापुढे आधी 'ठाम' किंवा 'डळमळीत' असं लिहायला लावतो आणि मगच पर्यायाकडे जायला सांगतो.

याच गटातला एक जुना मित्र: प ही क्युपेक्षा मोठी आहे का? विधान १: दोघांचा गुणाकार शून्यापेक्षा मोठा आहे. विधान २: पचा वर्ग क्युच्या वर्गापेक्षा मोठा आहे. गुणाकार धन, म्हणजे दोघी एकाच चिन्हाच्या, एवढंच कळलं. वर्ग मोठा, म्हणजे प शून्यापासून जास्त दूर, एवढंच. दोन्ही एकत्र केलं की वाटतं, झालं आता. साक्षीदार बोलवा. ३ आणि २: दोन्ही विधानं लागू, प मोठी. उणे ३ आणि उणे २: गुणाकार ६, वर्ग ९ आणि ४, दोन्ही विधानं लागू, पण उणे ३ लहान. डळमळीत. दोन्ही मिळूनही अपुरी.

चूक झाली आहे हे परीक्षेत बसल्या बसल्या कळायची एक खूण आहे. नीट रचलेल्या प्रश्नात दोन विधानं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. तेव्हा तुमच्या मते दोन्ही विधानं एकेकटी पुरेशी असतील आणि पहिल्यावरून उत्तर ५ आणि दुसऱ्यावरून ७ येत असेल, तर प्रश्न चुकला नसून तुमचा हिशोब चुकला आहे. मिसळीच्या प्रश्नात हे तपासून बघा: बिलावरून दोन प्लेट आणि आठ चहा निघाले, आणि आठ हे दोनाच्या चौपट आहेत. सुलभाताईंच्या ठेवीतही तेच. दसादशे ७.२५ने ४०,०००चं तिमाही व्याज बरोबर ७२५ येतं. प्रश्न रचणाऱ्याला ही जुळणी करावीच लागते, आणि आपली चूक पकडायला ती उपयोगी पडते. एक मात्र आहे. ही जुळणी करून पाहायला थोडी आकडेमोड लागते, म्हणून ती फक्त शंका आली तरच.

आकडेमोड अजिबात करायचीच नाही, असं मात्र कोणी समजू नये. मिसळीच्या बिलात आपण चार शक्यता तपासल्याच की. आकडेमोड कशासाठी, एवढाच फरक. 'किती' हे काढायला नव्हे, 'दुसरं उत्तर आहे का' हे पाहायला. दुसरं उत्तर सापडलं की थांबायचं, आणि दुसरं उत्तर असूच शकत नाही हे कळलं की पहिलंही पूर्ण न काढता थांबायचं. व्याजाच्या प्रश्नात पहिल्याच क्षणी थांबता आलं, बिलाच्या प्रश्नात चार पायऱ्यांनी. सी-सॅटमध्ये दोन तासांत ८० प्रश्न असतात, म्हणजे सरासरी एका प्रश्नाला दीड मिनिट. आठव्या तिमाहीपर्यंत जायला माझ्या विद्यार्थ्याला चार मिनिटं लागली होती.

हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली उदाहरणं कशी सोडवावीत यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात उदाहरण हाती घेतल्यावर स्वतःला विचारायच्या प्रश्नांची यादी आहे, आणि तिच्या सुरुवातीलाच हे येतं की दिलेल्या अटींवरून अज्ञात ठरतं का, की अटी कमी पडतात, की जास्तीच्या आहेत, की एकमेकींच्या विरोधात आहेत. म्हणजे परीक्षांनी ज्याचा वेगळा प्रकार केला, ते पोल्यांच्या लेखी प्रत्येकच उदाहरणाचं पहिलं पाऊल होतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत दर प्रकरणाच्या शेवटी निदान दोन उदाहरणं अशी असावीत की ज्यांत माहिती मुद्दाम कमी ठेवलेली आहे. 'उत्तर ठरत नाही' असं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळावेत. हे व्हायला पुस्तकाची चार ओळींहून जास्त जागा लागणार नाही.

तोवर एक तुमच्यासाठी. त्याच हॉटेलात, त्याच भावांत, दुसऱ्या टेबलाचं बिल २८५ रुपये झालं. मिसळ आणि चहा सोडून काही घेतलेलं नाही, पण दोन्ही घेतलंच असंही कुठे म्हटलेलं नाही. प्लेटची संख्या ठरते का? आणि 'दोन्ही घेतलं' एवढं सांगितलं तर?